मॉर्फिन, ट्रामाडॉल आणि अडलेले पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगाच्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी अफूवर्गीय औषध सुरू झालेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. कोल्हापूर शहरातून आणि कागल, गडहिंग्लज, शिरोळ, राधानगरी अशा तालुक्यांतून येणारी कुटुंबे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच येथे घेतले आहेत. औषधांची दिलेली मात्रा प्रौढ रुग्णांसाठी नेहमी वापरली जाणारी आहे. तुमच्या रुग्णासाठी ती किती असावी, हे त्याचे डॉक्टरच ठरवतील.

मलावरोध नेमका कोणत्या औषधांमुळे होतो?

मॉर्फिनच्या गोळ्या, ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन आणि त्वचेवर चिकटवायच्या फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनच्या पट्ट्या, ही सगळी एकाच वर्गातील औषधे आहेत. पट्टीमुळे हा त्रास मॉर्फिनच्या गोळीपेक्षा काहीसा कमी होऊ शकतो, परंतु तो होत नाही असे समजू नये. ट्रामाडॉल पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येते, त्यामुळे आपण अफूवर्गीय औषध घेत आहोत हे रुग्णाला ठाऊकच नसते. घरी गेल्यावर गोळ्यांच्या पाकिटावरील घटकांची नावे एकदा वाचून घ्यावीत.

कर्करोगाच्या रुग्णांत यात आणखी भर पडते. उलटी थांबवण्यासाठी दिले जाणारे ऑन्डॅनसेट्रॉन, रक्तवाढीसाठीच्या लोहाच्या गोळ्या आणि नसांच्या वेदनेसाठीचे अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधेही शौचास घट्ट करतात. त्यामुळे डॉक्टरांना दाखवताना सर्व औषधे एकत्र घेऊन जाणे उपयोगी ठरते.

हे साध्या बद्धकोष्ठतेपेक्षा वेगळे कसे?

ही औषधे मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील औषध चिकटण्याच्या जागांवर, काम करून वेदना कमी करतात, तसेच ग्राही आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंच्या जाळ्यातही असतात. औषध तेथे पोहोचले की आतड्याची अन्न पुढे ढकलणारी लाट मंदावते. आतडे आकुंचन पावत राहते, पण जागच्या जागी. मळ पुढे सरकत नाही. तो जितका जास्त वेळ मोठ्या आतड्यात राहतो तितके त्यातील पाणी शोषले जाते आणि तो कोरडा व कठीण होत जातो. आतड्यात पाझरणारे पाचक द्रवही कमी होतात. शेवटी गुदद्वाराचा स्नायू अधिक आवळलेला राहतो आणि संडासची भावना बोथट होते, म्हणून मळ तळाशी येऊन थांबला तरी रुग्णाला ते जाणवतेच असे नाही.

या चारही गोष्टी औषधामुळे घडत असल्याने केवळ पालेभाजी वाढवून किंवा पाणी जास्त पिऊन त्या उलटत नाहीत. आहार आणि पाणी यांचा हातभार लागतो, पण आतडे हलवण्याचे काम औषधालाच करावे लागते.

काही दिवसांनी शरीराला सवय होऊन त्रास आपोआप कमी होईल का?

नाही. मॉर्फिन सुरू केल्यावर येणारी मळमळ आणि गुंगी बहुतेकांमध्ये काही दिवसांत, साधारण आठवडाभरात, ओसरते. मलावरोधाला मात्र अशी सवय होत नाही; औषध चालू आहे तोवर तो राहतो. म्हणूनच वेदनेची गोळी जितके दिवस, तितके दिवस शौचास साफ करणारी गोळी, हा नियम आहे.

अजून त्रासच सुरू झालेला नाही, मग पहिल्याच दिवशी जुलाबाची गोळी कशासाठी?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो, आणि या एकाच गैरसमजामुळे सर्वाधिक नुकसान होते. चिठ्ठीवर गोळी लिहिलेली असते. पण ‘पोट तर साफ आहे’ असे म्हणून ती मेडिकलमधून घेतलीच जात नाही, किंवा आणून ठेवली जाते आणि दिली जात नाही. उशीर किती महागात पडतो हे एका उदाहरणातून पाहू. हे कोणा एका रुग्णाचे वर्णन नाही. असे अनेक घरांत ज्या क्रमाने घडते तो क्रम आहे.

कागल तालुक्यातील ६४ वर्षांच्या एका शेतकऱ्याला तंबाखूमुळे गालाचा कर्करोग झाला आहे. वेदनेमुळे झोप नाही, म्हणून १० मिलिग्रॅमची मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी सुरू होते: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दोन गोळ्या एकदम, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. दिवसाचे एकूण ६० मिलिग्रॅम होतात. त्याच चिठ्ठीवर रात्री बिसाकोडिल या जुलाबाच्या औषधाच्या दोन गोळ्या लिहिलेल्या आहेत. वेदना दुसऱ्या दिवशीच आटोक्यात येते, घरात समाधान पसरते आणि बिसाकोडिलचे पाकीट देवघराच्या फळीवर तसेच राहते.

चौथ्या दिवसापर्यंत शौचास झालेली नाही. घरचे म्हणतात, ‘आबा खातातच कुठे, मग होणार कशी?’ सहाव्या दिवशी शेजारून सल्ला येतो आणि अर्ध्या कप दुधातून इसबगोल दिले जाते, कारण तोंड नीट उघडत नसल्याने जास्त पिणे शक्य नाही. आठव्या दिवशी पोट टणक लागते, मळमळ वाढते आणि पेजही नको वाटते. नवव्या दिवशी अचानक पातळ पाण्यासारखे शौचास होऊ लागते, धोतर चार-पाच वेळा खराब होते, आणि ‘आता जुलाब लागले’ असे समजून जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते. हे सगळे मॉर्फिनमुळेच झाले असे वाटून तेही बंद केले जाते. त्या रात्री वेदना पूर्ण जोराने परत येते. दहाव्या दिवशी लघवी अडते, आबा बरळू लागतात आणि मग गाडी करून दवाखाना गाठला जातो.

तपासणीत गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, कठीण मळाने पूर्ण भरलेला आढळतो. पातळ शौचास म्हणजे मळाच्या त्या कठीण गोळ्याच्या कडेने झिरपणारे पाणी होते. भरलेल्या गुदाशयाच्या दाबामुळे लघवी अडली होती आणि कोंडलेली लघवी, पाण्याची कमतरता व वेदना यांमुळे भान हरपले होते. आतडे अडलेले नाही याची खात्री करून, आधी वेदनेचे औषध देऊन, मग ग्लिसरीनची सपोझिटरी म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधी वडी, योग्य तो एनिमा आणि बोटाने थोडा थोडा मळ काढणे, असे दोन दिवस चालते. दुर्बल माणसासाठी हे किती यातनामय आणि लाजिरवाणे असते हे जवळून पाहिलेला कोणीही पहिल्या रात्रीची गोळी चुकवणार नाही.

मग पहिल्या रात्रीपासून नेमके काय द्यायचे?

ज्या दिवशी वेदनेची पहिली गोळी, त्याच रात्री झोपताना बिसाकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या. हे औषध मोठ्या आतड्याच्या भिंतीला चेतवून मळ पुढे ढकलायला लावते, म्हणजे मॉर्फिनने जी हालचाल मंद केली तीच परत आणते. परिणाम सुमारे ६ ते १२ तासांत दिसतो, म्हणून रात्री घेतल्यास सकाळी शौचास होते. गोळीवर खास आवरण असते. ती फोडू, कुटू किंवा चावू नये, आणि दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेऊ नये. आवरण जठरातच विरघळले तर पोटात कळा येतात. कोल्हापुरात रात्री झोपताना दूध पिण्याची पद्धत अनेक घरांत असल्याने हे मुद्दाम सांगावे लागते. दूध आणि गोळी यांत किमान एक तास अंतर ठेवावे.

सोनामुखीपासून केलेली गोळी किंवा सोडियम पिकोसल्फेट ही याच पद्धतीने काम करणारी दुसरी औषधे आहेत. ज्यांना गोळी गिळता येत नाही, तोंड उघडत नाही किंवा नाकातून नळी आहे, त्यांना बिसाकोडिल कुटून नळीतून देऊ नये. त्यांच्यासाठी पिकोसल्फेटचे किंवा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध लिहून मागावे. वरच्या उदाहरणातील आबांना प्रत्यक्षात हेच सोयीचे पडले असते, आणि चिठ्ठी लिहितानाच तोंड किती उघडते हे विचारले जायला हवे होते.

मळ मुळातच कोरडा असेल तर त्यात पाणी धरून ठेवणारे औषध जोडले जाते: पॉलिएथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅम पावडर एक मोठा पेलाभर पाण्यात, दिवसातून एकदा, किंवा लॅक्ट्युलोज १५ ते ३० मिलिलिटर. लॅक्ट्युलोजने काहींचे पोट फुगते आणि त्याचा परिणाम दिसायला एक ते दोन दिवस लागतात, म्हणून अडलेले पोट आज मोकळे करण्यासाठी ते एकटे पुरत नाही.

औषध पुरेसे आहे की नाही हे कसे ओळखायचे?

रोज किंवा एक दिवसाआड, न कुंथता, मऊ शौचास होणे हे उद्दिष्ट आहे. रोज झालेच पाहिजे असा हट्ट नाही. पण खडे पडत असतील, फार जोर करावा लागत असेल किंवा पोट पूर्ण मोकळे झाल्यासारखे वाटत नसेल, तर रोज होत असूनही मात्रा अपुरी आहे. दोन दिवस झाले नाही तर डॉक्टरांना फोन करून मात्रा वाढवून घ्यावी किंवा दुसरे औषध जोडून घ्यावे. तीन दिवस शौचास झाली नाही तर फोनवर भागवू नये. पोट आणि गुदाशय तपासून घ्यावा.

मॉर्फिनची मात्रा वाढली की त्याच दिवशी या औषधाचाही पुनर्विचार व्हायला हवा. चिठ्ठी बदलताना ही बाब सहज सुटते, म्हणून तुम्हीच विचारा: ‘डॉक्टर, वेदनेची गोळी वाढवलीत, तर रात्रीची गोळी तेवढीच ठेवायची का?’

नोंद ठेवणे हा यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आपल्याकडे सून सासऱ्याला किंवा मुलगी वडिलांना हा विषय विचारायला संकोचते आणि वडीलही ‘झाली’ म्हणून विषय मिटवतात. रुग्णाने स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर शौचास झालेल्या दिवशी बरोबरची खूण करावी, कठीण झाली तर ‘क’ लिहावे. कोणालाही काही विचारावे लागत नाही आणि दोन रिकाम्या चौकटी दिसल्या की घरातील कोणीही फोन करू शकते.

रुग्ण जवळपास काहीच खात नाही. तरीही शौचास व्हायला हवी का?

होय. मळ केवळ अन्नाच्या चोथ्याचा नसतो. आतड्यातील जिवाणू, आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी आणि आतड्यातील द्रव यांचा त्यात मोठा वाटा असतो, आणि हे उपाशी माणसातही तयार होत राहतात. प्रमाण कमी होईल, पण आठवडाभर काहीच न होणे हे खाणे कमी झाल्यामुळे आहे असे गृहीत धरू नये. उलट अनेकदा पोट अडल्यामुळेच भूक गेलेली असते आणि ते मोकळे होताच दोन घास जातात.

इसबगोल, त्रिफळा, एरंडेल यांपैकी काही चालेल का?

इसबगोल या स्थितीत देऊ नये, हे स्पष्टपणे सांगायला हवे. ते पाणी शोषून फुगते आणि हालते आतडे असेल तर मळ पुढे नेण्यास मदत करते. येथे आतडे मंदावलेले आहे आणि आजारी माणूस पुरेसे पाणी पीत नाही. अशा वेळी इसबगोलाचा लगदा आतच अडकून राहतो आणि जो त्रास टाळायचा तोच वाढतो. कोंड्याच्या गोळ्या आणि तंतुमय पावडरींनाही हेच लागू आहे.

त्रिफळा चूर्णावर एकट्यावर विसंबू नये. मॉर्फिनमुळे मंदावलेले आतडे त्याने हलेल याचा भरवसा देता येत नाही. बाजारातील पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते, म्हणून आधीपासून असे चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर मात्रा दुप्पट होईल. एरंडेलाने जोराचे मुरडे येतात. दुर्बल रुग्णाला रोजच्यासाठी ते नको. मिल्क ऑफ मॅग्नेशिया मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी स्वतःहून घेऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला लिक्विड पॅराफिन असलेले औषध देणे धोक्याचे आहे, कारण ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला इजा करू शकते.

आहारात काय ठेवावे?

जे जाते ते. भाताची पेज, ताक, वरणाचे पाणी, सार, पिकलेली केळी किंवा पपई, रात्री भिजवलेले मनुके किंवा अंजीर कुस्करून, आणि दिवसभरात थोडे थोडे पाणी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर मर्यादा असेल तर तीच पाळावी. जबरदस्तीने भाकरी-पालेभाजी भरवल्याने मलावरोध सुटत नाही, आणि जेवणाची वेळ मात्र भांडणाची होते.

संडासला बसण्याबाबत काही काळजी घ्यावी का?

सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर सुमारे अर्ध्या तासात आतड्याची नैसर्गिक हालचाल सर्वाधिक असते, तेव्हा दहा मिनिटे निवांत बसवावे. अंथरुणातील भांड्यावर आडवे राहून शौचास करणे अतिशय अवघड असते; रुग्ण आधाराने बसू शकत असेल तर खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवावी. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर खाली बसणे जमत नाही, तेथेही हीच खुर्ची लागते. इतर रुग्णांनी कमोडवर बसताना पायाखाली लाकडी पाट घेतला की गुडघे वर येतात आणि कमी जोर लागतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र हे सर्जनला विचारल्याशिवाय करू नये. दार बंद असावे किंवा आडोसा असावा. दहा माणसांच्या घरात ही गोष्ट अवघड असते, तरी ती करावी. लोकांसमोर कोणाचेही पोट मोकळे होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर फक्त पाच-सात दिवसांचे ट्रामाडॉल आहे. तरीही हे सगळे लागेल का?

बहुतेकांना लागते. भूल, कमी हालचाल, बदललेले जेवण आणि ट्रामाडॉल हे सगळे त्याच आठवड्यात एकत्र येते. मूळव्याध, हर्निया किंवा प्रसूतीच्या शस्त्रक्रियेनंतर कुंथावे लागले तर टाक्यांवर ताण येतो आणि त्या भीतीने रुग्ण शौचास रोखून धरतो, मग ती आणखी कठीण होते.

एक अपवाद ठळकपणे लक्षात ठेवावा. आतड्यावर शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर अजून गॅस सरकलेला नसेल, तर सर्जनच्या परवानगीशिवाय जुलाबाची गोळी, सपोझिटरी किंवा एनिमा यांपैकी काहीही देऊ नये. इतरांनी घरी सोडतानाच विचारून घ्यावे. वेदनेची गोळी बंद झाल्यावर शौचास पूर्ववत होईपर्यंत आणखी एक-दोन दिवस हे औषध घेतले की पुरते.

अडलेल्या पोटानंतर एकदम पातळ होऊ लागले तर?

आधी संशय घ्यावा तो कठीण गोळ्याच्या कडेने झिरपणाऱ्या पाण्याचा. अनेक दिवस काही नाही, मग थोडे थोडे पातळ, वारंवार, नकळत होणारे, आणि तरीही पोट जड, अशी ही लक्षणे असतात. जुलाब थांबवणारी गोळी देऊ नये. त्याच दिवशी गुदाशयाची तपासणी करून घ्यावी. कॅलेंडरवर नियमित खुणा असतील आणि औषधानेच जास्त पातळ होत असेल, तर एक रात्र गोळी गाळून दुसऱ्या रात्री कमी मात्रेने सुरू करता येते. पूर्ण बंद करू नये, कारण तीन दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

घरीच एनिमा दिला तर चालेल का?

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला स्वतःहून मुळीच देऊ नये. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असताना गुदद्वारातून दिलेली सपोझिटरी, एनिमा किंवा बोट यांमुळे सूक्ष्म जखम होऊन रक्तात जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव होऊ शकतो. इतरांमध्येही आधी तपासणी, मग एनिमा हाच क्रम असावा.

तातडीने दवाखान्यात कधी न्यावे?

पोट फुगलेले आहे, कळा येऊन येऊन दुखते आहे, उलट्या होत आहेत आणि गॅसही सरकत नाही, असे दिसले तर आतडे अडले असण्याची शक्यता आहे, विशेषतः पोटातील किंवा बीजाशयाच्या कर्करोगात. अशा वेळी जुलाबाचे कोणतेही औषध पुढे देऊ नये. अडथळ्यावर जोर दिल्याने आतडे फाटू शकते. लघवी अडणे, नव्याने बरळणे, शौचातून रक्त जाणे, किंवा केमोथेरपीनंतर ताप येणे यांसाठीही सकाळची वाट पाहू नये. कंबरदुखीबरोबर पायांतील ताकद गेली आणि लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर कारण मणक्यातील गाठ असू शकते आणि तेथे तास मोजावे लागतात.

त्रास फार झाला तर मॉर्फिनच बंद केलेले बरे नाही का?

स्वतःहून बंद करू नये. वेदना परत येते, आणि काही आठवडे घेतलेले औषध एकदम थांबवल्यास घाम, बेचैनी, पोटात मुरडा, जुलाब असा वेगळा त्रास होतो. गोळ्या नीट घेऊनही पोट मोकळे होत नसेल तर डॉक्टर दोन वेगळ्या पद्धतींची औषधे एकत्र करतात, मॉर्फिनऐवजी पट्टी वापरतात, किंवा फक्त आतड्यातील ग्राहींवर मॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देता येईल का ते पाहतात. त्या शेवटच्या औषधाने वेदनाशमन कायम राहते, परंतु आतडे अडलेले असताना ते देता येत नाही.

रोज जुलाबाची गोळी घेतल्याने आतड्याला सवय लागते का?

ही भीती वयस्कर रुग्णांत फार आहे. येथे आतडे औषधामुळे मंदावलेले आहे आणि ते औषध चालू असेपर्यंत त्यावरचा उपायही लागणारच. मॉर्फिन बंद झाले की बहुतेकांची गोळी हळूहळू कमी करून थांबवता येते. तोवर मेडिकलमधून मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल जितक्या दिवसांचे घ्याल, तितक्याच दिवसांची ही गोळी त्याच वेळी घ्या, आणि घरी दोन्ही पाकिटे एकाच डब्यात ठेवा.